पावसामागची रिकामी फाक

माझं काम लोकांना सांगताना मला नेहमी पंचाईत होते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात बसून मी ढगांची चित्रं बघते, असं सांगितलं की समोरचा हसतो. माझा धाकटा भाऊ तर उघडच म्हणतो, "आमची आक्का सरकारी पगारावर ढग बघती." त्याची शेती घनसावंगीकडे, गोदावरीच्या अलीकडे. शिकून शहाणी झालेली बहीण जालन्यात खुर्चीत बसून आभाळ बघते आणि आपण चिखलात उभं राहून तेच आभाळ फुकटात बघतो, हा त्याचा आवडता विनोद. एरवी मी तो चालवून घेते. त्या वर्षीच्या पोळ्याला मात्र तो विनोद आठवून मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घरचा माणूस एक वेळ उपाशी राहिला तर चालतो, पण आवतण दिलेला बैल पोळ्याला उपाशी राहिलेला चालत नाही. भावाने आदल्या संध्याकाळी रिमझिम पावसात शेतातल्या गोठ्यावर जाऊन आवतण दिलं होतं. शेत ओढ्यापलीकडे, गाव अलीकडे, मधे नळकांडी पूल. रात्रभर आणि सकाळभर पाऊस लागला, पुलावरून पाणी गेलं, आणि बैल तिकडे नि मालक इकडे अशी गत झाली. गोठा उंचावर होता, त्यामुळे जनावरांना धोका नव्हता. खोळंबली होती ती पूजा.

आमच्या कक्षात सुट्टी नव्हतीच. सकाळपासून मी दोन चित्रं आलटून पालटून बघत होते. एक उपग्रहाचं, दुसरं रडारचं. दोन्ही खोटं बोलत नाहीत, पण दोन्ही अर्धंच बोलतात, हे या कामात पडल्यावरच कळतं. उपग्रह वरून बघतो. त्याला ढगाचा माथा किती थंड आहे ते कळतं. जितका थंड तितका उंच, आणि चित्रात तितका पांढरा. पण पांढरं दिसलं म्हणजे खाली पाऊस असतोच असं नाही. वादळी ढग बरसून मोकळा झाला तरी त्याचा माथा वाऱ्याने पसरून तासन् तास आभाळात राहतो, आणि वरून तो तसाच दांडगा दिसतो. भावाच्या साखरपुड्याला मी असल्याच एका पांढऱ्या ढगावर विसंबून मांडव आत घ्यायला लावला होता आणि दिवसभर टिपूसही पडला नव्हता. तेव्हापासून घरात माझी किंमत ती काय, सगळ्यांना माहीत आहे.

रडारचं वेगळं. ते जमिनीवरून लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि जितक्या जोरात परत येतात तितका पाऊस मोठा. चित्रात हिरवा, पिवळा, लाल असे रंग चढत जातात. उपग्रहापेक्षा रडारवर माणसाचा विश्वास पटकन बसतो, कारण ते ढगाचं नाही, थेट पावसाचं बोलतं. नागपूरचं, हैदराबादचं मोठं रडार आमच्यापासून लांब. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांच्या लहरी आमच्यापर्यंत येईतो इतक्या उंच गेलेल्या असतात की खालचा पाऊस त्यांच्या पोटाखालून निघून जातो. त्यामुळे आमची सगळी भिस्त पश्चिमेकडच्या डोंगरावरच्या लहान रडारवर. ते जवळ आहे, पण त्याची लहर बारीक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच अडलं.

तो पाऊस पूर्वेकडून येत होता. विदर्भ-तेलंगणाच्या हद्दीवर कमी दाबाचा पट्टा होता आणि त्याच्या ढगांच्या रांगा परभणीकडून आमच्या जिल्ह्यात शिरत होत्या. सकाळची मोठी रांग घनसावंगीवरून पुढे सरकली आणि दुपारी अंबडवर आली. रडारवर अंबडवर लालभडक डाग. आणि त्याच्या मागे, घनसावंगीपासून खाली आग्नेयेला पाथरीपर्यंत, सगळं रिकामं. एकही रंग नाही.

आमचे साहेब चांगला माणूस. सकाळपासून त्यांच्या फोनला उसंत नव्हती. पोळ्याचा दिवस, प्रत्येक गावात मिरवणुकीची घाई, प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, उघडतंय का. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, अंबडचं हे गेलं की मागं काही नाही. बराबर ना?"

मी म्हटलं, "रडारवर तरी काही नाही."

त्यांनी तेवढंच ऐकलं. खरं तर मी तेवढंच बोललेही होते. दहा-पंधरा मिनिटांत संदेश गेला की जिल्ह्याच्या दक्षिण भागात पावसाचा जोर ओसरत आहे. मी तो जाण्याआधी वाचला होता आणि मान डोलावली होती. मला बरं वाटलं होतं. सणाच्या दिवशी चांगली बातमी द्यायला कोणाला आवडत नाही?

मग उपग्रहाचं नवं चित्र आलं. ते येतं तेव्हा आधीच अर्धा तास शिळं झालेलं असतं, त्यामुळे आपण कायम मागचं आभाळ बघत असतो ही रुखरुख या नोकरीत सुटत नाही. त्या चित्रात पाथरीवर एक पांढरा गोळा होता. मी आधी म्हटलं, झालं, हा साखरपुड्याचाच ढग. बरसून गेलेल्या ढगाचा माथा. रडार रिकामं आहे म्हणजे खाली काही नाही. पण सवयीने मागची दोन चित्रं काढून शेजारी लावली. विझत चाललेला माथा कडेने विस्कटतो, उसवलेल्या कापसासारखा होतो, आणि चित्रागणिक मळकट होत जातो. हा गोळा चित्रागणिक मोठा होत होता, जास्त पांढरा होत होता, आणि आमच्या बाजूची त्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती. तो वाढता ढग होता.

मी परत रडारकडे वळले. आता मला रंग दिसेनात, रिकामी जागा दिसायला लागली. आणि ती जागा बघून मला स्वतःचाच राग आला. कलिंगडाची फाक असते तशी होती ती. दोन्ही कडा सरळ. टोक अंबडच्या लाल डागाला टेकलेलं, आणि त्या दोन्ही कडा मागे वाढवत नेल्या तर नेमक्या डोंगरावरच्या रडारपाशी जाऊन मिळत होत्या. आभाळात सरळ रेघा नसतात. पाऊस कधी फाकेच्या आकारात थांबत नाही. ती जागा पावसावाचून रिकामी नव्हती. मधल्या जोरदार पावसाने रडारची बारीक लहर शोषून घेतली होती, आणि त्याच्या मागे काय आहे ते रडारला दिसतच नव्हतं. अंबडच्या पावसाची सावली पडली होती चित्रावर, आणि त्या सावलीला आम्ही उघडीप समजलो होतो.

मी साहेबांना हाक मारणार तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता.

"आक्का, तुमच्याच हापिसचा मेसेज आलाय. जोर ओसरला म्हणून. मी निघालो बैलं आणायला."

"कुठं आहेस?"

"पुलाच्या पलीकडं आलोय की. पाणी उतरलंय, फरशी उघडी पडली. आता तिथंच धुतो, शिंगं रंगवतो, झुली घालतो आन् पाच वाजता मिरवणुकीला—"

"अरे ऐक, मागं अजून—"

फोन तुटला. त्या शेतात रेंज एका बाभळीखालीच येते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी परत लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही. पलीकडे गेला होता म्हणजे सुखरूप होता. पण तो तिथे राहायला गेला नव्हता. नटवलेले बैल घेऊन तो पाचच्या सुमाराला त्या पुलावर येणार होता, आणि तो गोळा ज्या चालीने सरकत होता त्या चालीने तोही साधारण त्याच वेळी तिथे येणार होता. वर अंबडवर पडणारं पाणी त्याच ओढ्यात उतरणार होतं. मी मनातल्या मनात ही बेरीज पुन्हा पुन्हा करत होते आणि उत्तर काही बदलत नव्हतं.

मी साहेबांपुढे जाऊन सांगितलं की संदेश बदलायला हवा.

त्यांनी फाक बघितली, सरळ कडा बघितल्या, पण त्यांचा चेहरा अवघडला. "मॅडम, अर्ध्या तासापूर्वी ओसरतोय म्हणलो. आता वाढतोय म्हणायचं? उद्या आपल्या मेसेजवर कोण विश्वास ठेवंल? शिवाय तुमचा पांढरा ढग रिकामा निघाला तर?"

साखरपुड्याची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, तरी त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मला चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उपग्रह माथा दाखवतो, पाऊस नाही. रडार पाऊस दाखवतं, पण तिथे आंधळं झालेलं. दोन अर्ध्या साक्षींवर मी अख्ख्या दक्षिण भागाची मिरवणूक थांबवायला निघाले होते. आणि त्यात माझा भाऊ आहे म्हणून मी घाबरले आहे की खरंच चित्रात दिसतंय म्हणून, हे मलाही धड सांगता आलं नसतं.

"मला एक फोन करू द्या," मी म्हटलं.

पाथरीकडच्या एका गावात कृषी सहायक बाई आहेत. पर्जन्यमापकाच्या निमित्ताने आमची ओळख. फोन पहिल्या रिंगला उचलला, पण त्या काय बोलतात ते मला कळेना. नुसता धडधड आवाज. मला वाटलं लाइन खराब आहे. मी ओरडून विचारलं, पाऊस आहे का? त्या तिकडून ओरडल्या, "पत्र्यावर ऐका की! कवाचा झोडपून राह्यलाय. समोरचं घर दिसंना!"

मी फोन साहेबांच्या कानाला लावला. त्यांनी क्षणभर तो पत्र्यावरचा पाऊस ऐकला, फोन परत दिला आणि खुर्ची ओढून स्वतःच नवा संदेश लिहायला बसले. दक्षिण भागात पुन्हा जोरदार पाऊस, ओढे-नाले ओलांडू नका, जनावरं पाण्याजवळ नेऊ नका. पाठवताना ते मला म्हणाले, "हसू द्या कोणाला हसायचं ते." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही मानते.

पण बाभळीखाली नसलेल्या माणसाला संदेश काय कामाचा? मी भावजयीला फोन लावला. ती पुरणपोळ्या करत होती. मागे तवा चुरचुरत होता.

"आक्का, ते तर गेल्ते की मघाच. तुमचाच मेसेज वाचून गेले."

तुमचाच मेसेज. ती सहज बोलली, आणि मला ते लागलं.

"अगं, ऐक. तो मेसेज चुकलाय. मागून मोठा पाऊस येतोय. ते बैल घेऊन पुलावर येतील तेव्हा पाणी येईल. त्यांना पलीकडेच थांबायला सांग. आत्ताच पुलापाशी जा, पण अलीकडंच उभी राहा. तू पुलावर पाऊल टाकायचं नाही."

 ती म्हणाली, "आक्का, इथं तर ऊन पडलंय."

मी म्हटलं, "असू दे ऊन. मी सांगते म्हणून जा." माझ्या सांगण्याची त्या घरात काय किंमत आहे ते माहीत असून मी हे म्हटलं. तवा उतरवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पुढचा वेळ कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. काम होतंच. फोन घेत होते, तालुक्यांना कळवत होते. रडारवर अंबडचा लाल डाग हळूहळू विरळ व्हायला लागला, आणि तो विरळ होऊ लागला तशी मागची फाक भरू लागली. आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. जणू पडदा सरकत गेला आणि मागे उभा असलेला पाऊस दिसला. माझं म्हणणं खरं ठरत होतं आणि ते खरं ठरू नये असं मला मनापासून वाटत होतं. लाल रंग घनसावंगीला टेकला तेव्हा मी पडद्याकडे बघणं सोडून दिलं.

भावजयीचा फोन संध्याकाळी आला. मागे पाण्याचा आवाज येत होता आणि ती धापा टाकत होती.

"थांबले," ती म्हणाली. "पलीकडं हायेत."

मग तिने सगळं सांगितलं. ती पुलापाशी पोचली तेव्हा ऊनच होतं, आणि वाटेत लोकांनी तिची थट्टा केली. ती तरी तिथे दगडावर बसून राहिली. मग आभाळ भरून आलं, आणि समोरून भाऊ बैल घेऊन आला. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं. पावसाची झड सुरू झाली होती. फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. भाऊ तिकडून ओरडला, सर आहे, जाईल, तेवढ्यात काढतो जल्दी. आणि त्याने बैल पुढे घातले.

"मी वरडले, आक्का म्हणतीय मागं लई मोठा हाय, येऊ नका. त्यांनी ऐकलंच न्हाई. मंग मी म्हणलं, आलात तर मी बी पुलावर येते, मंग दोघं बी जाऊ."

"आणि तू?"

"एक पाय टाकला."

मी तिला पुलावर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं.

तो तिथेच थबकला, तिला शिवी हासडली, आणि बैल वळवून गोठ्याच्या उंचवट्याकडे घेऊन गेला. तो वर पोचतो न पोचतो तोच ओढ्याचा रंग बदलला, आणि पूल होता कुठे ते कळेनासं झालं.

"मग आता?" मी विचारलं. "बैल उपाशीच का?"

"कडबा हाय की तिकडं," ती म्हणाली. "पण ओवाळायचं ऱ्हायलं होतं. आवतण दिल्यालं. मी घरी जाऊन ताट घेऊन आले. इकडून ओवाळलं. पावसात निरांजन कुठलं टिकतंय, तीनदा विझलं. त्यांनी तिकडून बैलं तोंड करून उभी केली, इकडं बघत."

मी फोन कानाला धरून खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी गावी गेले. बैलांना शिळ्या पुरणपोळ्या चारल्या जात होत्या आणि ते त्या मजेत खात होते. भाऊ माझ्याशी धड बोलेना. गावात त्याचीच जोडी तेवढी तोरणाखालून गेली नव्हती आणि त्याचा सगळा राग त्याने माझ्यावर काढला. आधी मेसेज एक, मग मेसेज दुसरा, तुमच्या हापिसाचा भरवसा तरी कशावर धरायचा, असं बरंच काही बोलला. मी ऐकून घेतलं. भावजय चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

तेव्हापासून तो साखरपुड्याचा विषय काढत नाही. अजूनही मोठा पाऊस असला की त्याचा फोन येतो, पण आता तो उघडलं का असं विचारत नाही. परवाच त्याने विचारलं, "आक्का, रिकामं दिसतंय म्हणती, पण त्याच्या कडा कशा हायेत?"

मी परत पडद्याकडे वळले आणि नीट बघून सांगितलं, "वाकड्या आहेत. जा."

"बरं," तो म्हणाला, आणि तरी फोन ठेवला नाही. "ही म्हणती, परत एकदा बघ."

मी परत एकदा बघितलं.